आईचे तेवीस रुपये

आषाढीनंतरच्या आठवड्यात मी घरच्या ग्रुपवर एक तक्ता टाकला आणि दहा मिनिटांत आईचा फोन आला. तिचा फोन सकाळी येतो, चहानंतर. दुपारी अडीचला आला म्हणजे काहीतरी बिनसलंय हे ओळखायला मला वेळ लागला नाही. पलीकडे आधी पंख्याचा आवाज, मग तिचा श्वास, मग एकच वाक्य. "म्हणजे मी आता तेवीस रुपयांची झाले का गं?"

तक्त्यात तिच्या नावापुढे 23 रुपये 58 पैसे आले होते. त्याआधी ती महिन्याला तीनशे देत होती. माझ्या समजुतीनं मी तिचे पावणेतीनशे वाचवले होते, त्यामुळे ती खूश होईल असं मी धरून चालले होते. पण ती दुखावली होती, आणि दुखावल्यावर करते तसं बोलता बोलता बाजारभावावर गेली. तेवीस रुपयांत पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी येत नाही म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. मी पतसंस्थेत एकवीस वर्षं हिशेब लिहिते. कुणाला जास्त पैसे लावले म्हणून भांडण झालेलं शेकडो वेळा पाहिलंय. कमी लावले म्हणून कुणी रडवेलं झालेलं पहिल्यांदाच पाहत होते.

आमचं बिल एक आणि नंबर चार. मुख्य नंबर माझा, पुण्यात. दुसरा आईचा, साताऱ्यात. तिसरा भाचीचा, ती पुण्यातच नोकरीला लागलीय आणि दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. चौथा गिरणीचा. गिरणी म्हणजे बाबांची पिठाची गिरणी. त्यांच्यानंतर ती धाकट्या भावानं चालवली आणि तीन वर्षांपूर्वी बंद केली. यंत्र विकलं, गाळा भाड्यानं दिला, नंबर मात्र राहिला. बटणांच्या एका फोनमध्ये तो आईच्या फडताळात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी असतो. आई दर रविवारी त्याला चार्जिंगला लावते. भावाचा स्वतःचा फोन वेगळा आणि तो प्रीपेडवर, कारण पोस्टपेड म्हणजे उधारी असं त्याचं ठाम मत आहे.

हे सगळं एका बिलात कसं आलं, तर आईच्या रिचार्जमुळे. तिचा फोन तेव्हा प्रीपेड होता आणि प्रीपेडचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. त्यामुळे रिचार्जची तारीख दर खेपेला दोन-तीन दिवस मागे सरकते आणि वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. मी करतेय असं भावाला वाटलं, भाऊ करतोय असं मला वाटलं, आणि एका मंगळवारी तिचा फोन लागेना. शेजारच्या काकूंचाही लागेना. भाऊ गाडी काढून धावत घरी गेला, तर ही अंगणात शेवया वाळत घालत होती. त्याच दिवशी पेन्शनच्या बँकेचा ओटीपीही अडकला होता. त्या संध्याकाळी मी फॅमिली प्लॅन घेतला. डेटासाठी घेतलाच नव्हता, परत कधी कुणाला तारीख लक्षात ठेवायला लागू नये म्हणून घेतला होता. ही गोष्ट मी पुढे साफ विसरले. तक्ता बिघडला तो तिथेच.

सुरुवातीचा बटवडा ढोबळ होता. आई तीनशे, भाची तीनशे, गिरणीच्या नंबरचे भाऊ तीनशे, उरलेले माझे. नेहमीचं बिल 1060 रुपये 82 पैसे यायचं. मुख्य प्लॅन 449, त्यावर जोडलेल्या तीन नंबरांचे प्रत्येकी 150, असे 899, आणि वर 18 टक्के जीएसटी. जाहिरातीत दर नेहमी कराशिवाय असतो, म्हणून घरात सगळ्यांच्या तोंडी अजून "नऊशेचा प्लॅन" हेच आहे. आता यातून तिघांचे नऊशे वजा करा. माझ्याकडे राहिले 160 रुपये. हिशेब ठेवणाराच सगळ्यांत कमी भरत होता, आणि एकवीस वर्षं खतावणी लिहिणाऱ्या बाईला हे दिसलं नव्हतं! दिसलं नव्हतं की बघितलं नव्हतं, ते मी सोडून देते.

मे महिन्यात भावानं पैसे थांबवले. "ताई, गिरणीच नाही तर नंबर कशाला? बंद कर." त्याचं चुकत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. जूनचं बिल मी गुपचूप भरलं. मग जुलैत बिल आलं 1143 रुपये 42 पैशांचं. ब्याऐंशी रुपये साठ पैसे जास्त. एवढ्या रकमेत आभाळ कोसळत नाही, पण माझ्यातली कारकून जागी झाली. सगळं एकदाच न्यायानं व्हावं, कुणाला काही बोलायला जागा राहू नये, म्हणून मी तक्ता मांडायला बसले. न्याय म्हणजे जो जितकं वापरेल तितकं त्यानं द्यावं, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

पहिली अडचण आकड्यांचीच आली. मी सगळ्यांना आपापल्या फोनमधल्या डेटावापराचा फोटो पाठवायला सांगितला. भाचीच्या फोटोत 61 जीबी होते, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तिच्या नंबरपुढे 74. तेरा जीबींचा फरक बघून मला वाटलं कंपनी लुबाडतेय, आणि मी तक्रार लिहायलाही घेतली. ती पाठवली नाही हे बरं, कारण दोघांचे महिनेच वेगळे होते. आमच्या बिलाचा महिना सात तारखेला सुरू होऊन पुढच्या सहाला संपतो. तिचा फोन मात्र एक तारखेला मोजायला लागतो आणि तिनं तो फोटो काढला होता जून संपल्यावर, जूनचा. म्हणजे त्यात जूनचे पहिले सहा दिवस होते जे मागच्या बिलातले, आणि जुलैचे सहा दिवस नव्हते जे याच बिलातले. फोनच्या सेटिंगमध्ये मोजणीचा दिवस बदलून सात करता येतो. तो केल्यावर पुढच्या महिन्यात दोन्ही आकडे जवळपास जुळले. काही फोनांत तो आकडा आपला आपण शून्यावर जातच नाही, हातानं पुसावा लागतो, आणि मग लोक वर्षभराचा आकडा महिन्याचा समजून घरात भांडतात. म्हणून वाटणी करायची तर फोन बघू नये, कंपनीनं मोजलेलं बघावं. पैसे त्यावरच लागतात.

तर कंपनीच्या मोजणीनं त्या महिन्यात भाची 74, मी 21, आई 2, गिरणी शून्य. बेरीज 97. प्लॅनमध्ये मुख्य नंबरचे 75 आणि जोडलेल्या प्रत्येक नंबरामागे 5 असे 90 जीबी सामाईक, सगळ्यांची एकच विहीर. त्यावरचे 7 जीबी दहा रुपये दरानं, म्हणजे सत्तर, आणि कर धरून तेच ते ब्याऐंशी साठ. मी 1143.42 ला 97 नं भागलं. जीबीला अकरा रुपये एकोणऐंशी पैसे. आई 23.58, मी 247.54, भाची 872.30, गिरणी शून्य. खाली बेरजेची दुहेरी रेघ मारली आणि ग्रुपवर टाकला.

भावाचा अंगठा आला. अर्थात.

आईचं वर सांगितलंच. भाचीचा फोन रात्री आला, ऑफिसातून सुटल्यावर. मागे रिक्षाचा आवाज. ती भांडली नाही, ती मोजायला बसली, आणि तेच जास्त जड गेलं. "मावशी, मी जर या बिलातून बाहेर पडले तर तुमचं बिल किती येईल?" मी कागद ओढला. 449, दोन जोड नंबरांचे 300, झाले 749. करासह 883.82. "म्हणजे माझ्या असण्यानं बिल किती वाढतं?" 1143.42 वजा 883.82. दोनशे एकोणसाठ रुपये साठ पैसे. तिच्या नंबरचे दीडशे, जादा डेटाचे सत्तर, आणि दोन्हींवरचा कर, एवढंच. "आणि मी बाहेर एकटीनं दिवसाला दोन जीबीचा प्लॅन घेतला तर साडेतीनशेच्या आसपास, अठ्ठावीस दिवसांचा. वर्षाचे तेरा धरून महिन्याला पावणेचारशेच्या थोडं वर. मग मी इथे आठशे बहात्तर कशाला देऊ?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर सुचण्यासारखं नव्हतंच. तिचं जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं. ती दोनशे साठच्या खाली देती तर ती आम्हाला ओझं झाली असती, आणि पावणेचारशेच्या वर मागितलं तर तिनं थांबायचं कारण उरत नाही. खरी जागा या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी. माझा तक्ता त्या जागेपासून पाचशे रुपये लांब जाऊन पडला होता. कारण मी जीबी वाटून घेत होते, आणि बिल जीबीचं नव्हतंच. 1143 रुपयांतले 1060 रुपये आम्ही चौघांनी महिनाभर फोन बंद ठेवले असते तरी लागलेच असते. वापरामुळे आलेले रुपये फक्त ब्याऐंशी. मी त्या ब्याऐंशी रुपयांचा नियम साऱ्या बिलाला लावून मोकळी झाले होते.

आणि गंमत म्हणजे हे मला माहीत होतं. मी ज्या सोसायटीत राहते तिथे मी पहिल्या मजल्यावर. लिफ्टमध्ये पाय ठेवते तो गॅस सिलिंडर किंवा पाहुण्यांच्या बॅगा असल्या तरच. तरी लिफ्टच्या देखभालीचे पैसे सातव्या मजल्यावरच्यांइतकेच देते, आणि त्याबद्दल एका सभेत तावातावानं उठलेही होते. तेव्हा सेक्रेटरींनी उपविधींचं पुस्तक उघडून दाखवलं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे, की ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी लिफ्टचा खर्च सारखा द्यायचा, कुणी ती वापरो की न वापरो. पाण्याला मात्र वेगळा नियम. पाणीपट्टी घरातल्या नळांची संख्या आणि आकार बघून. म्हणजे एकाच पावतीवर दोन न्याय नांदतात. असण्याचे पैसे सारखे, वापरण्याचे मापानं. सभेत मी गप्प बसले होते, पटलं म्हणून की हरले म्हणून, आठवत नाही. फोनच्या बिलात मी लिफ्टला नळाचा नियम लावला होता.

मग असण्याचे पैसे सारखे म्हणजे नक्की कसे? बिल जसं छापून येतं तसं वाचलं तर मुख्य नंबरचे 449, बाकीच्यांचे दीडशे-दीडशे. कर धरून मी 529.82 आणि बाकी तिघं 177 प्रत्येकी. भावाला अर्थातच हेही चाललं असतं, पण मुख्य नंबर माझा का, तर त्या संध्याकाळी दुकानात आधार कार्ड घेऊन मी गेले होते म्हणून. भाऊ गेला असता तर त्याचा झाला असता. दारातून सगळेच आत येतात, दाराचे पैसे दार उघडणाऱ्याकडून घ्यायचे नसतात. भाचीनं मला त्या रात्री धावपट्टीचं उदाहरण सांगितलं, ती अर्थशास्त्र शिकलीय. विमानतळाची धावपट्टी छोट्या-मोठ्या विमानांत कशी वाटायची यावर लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी 1973 मध्ये निबंध लिहिला होता. छोट्या विमानाला जेवढी पट्टी पुरते तेवढा तुकडा सगळेच वापरतात, म्हणून त्याचा खर्च सगळ्यांत सारखा. पुढचा तुकडा फक्त मोठ्या विमानांसाठी लागतो, तो त्यांच्यातच वाटायचा. अशी पायरीपायरीनं वर जायचं. आमच्या प्लॅनमध्ये नव्वद जीबीपर्यंत एकच लांबलचक तुकडा आहे आणि त्याच्यापुढे जीबी-जीबीच्या छोट्या फरशा.

त्या छोट्या फरशांचा मात्र घोळ होता. वरचे सात जीबी कुणाचे? अ‍ॅपमध्ये दिवसवार यादी निघते. सामाईक साठा संपला 2 जुलैला. निम्मा संपल्याचा आणि संपत आल्याचा असे दोन्ही मेसेज माझ्या एकटीच्या नंबरवर आले होते, मुख्य नंबर ना, आणि मी ते बँकेच्या, लोनच्या, केवायसीच्या मेसेजांबरोबर न वाचता पुसले होते. त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत भाचीनं साडेचार वापरले, मी दोन, आणि आईनं अर्धा. आईचा अर्धा एकाच दिवशी, 6 जुलैला. आषाढी एकादशी. पहाटे उठून तिनं पंढरपूरची महापूजा फोनवर लाइव्ह बघितली होती, मोबाइल देव्हाऱ्याला टेकवून. मध्यम दर्जाचं चित्र तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबी खातं, तेव्हा हिशेब चोख बसतो. साठा संपल्यावर ज्यानं वापरलं त्यानं भरायचं असा नियम केला, तर आईकडून विठोबाच्या पूजेचे पाच रुपये नव्वद पैसे येणं निघत होते.

म्हणजे महिनाभरात ज्या बाईनं दोन जीबी वापरले, तिला जादा वापराचा दंड. का, तर विहीर आटल्यावर ती कळशी घेऊन आली.

हे वाचताना मला गिरणी आठवली, पहाटेची. बाबा सातला यंत्र सुरू करायचे. पट्टा फटफटायचा, मग घरघर सुरू व्हायची आणि पांढरा वास सगळ्या बोळात जायचा. सकाळचं पहिलं दळण ज्याचं, त्याचं पीठ थोडं कमी भरतं. रात्री यंत्र झाडून ठेवलेलं असतं, त्यामुळे पहिल्या दाण्यांचं पीठ जात्याच्या टाकीत नि पेटीच्या कोपऱ्यांत बसतं आणि मग पुढच्यांचं दळण सुरळीत पडतं. नुकसान सगळ्यांसाठी, भुर्दंड फक्त पहिल्याला. बायकांना हे ठाऊक होतं. पावणेसातला डबे घेऊन येऊन उभ्या राहायच्या आणि "तुम्ही घ्या आधी" असा आग्रह चालायचा. मला लहानपणी तो शिष्टाचार वाटायचा. बाबांनी त्यावर काढलेला तोडगा साधा होता. यंत्र सुरू झालं की ते आपल्या घरच्या डब्यातली पसाभर ज्वारी आधी टाकायचे. कोपरे आमच्या पिठानं भरायचे. आई त्याला यंत्राचा नैवेद्य म्हणायची. बाबांनी कधी त्याची नोंद वहीत केली नाही, आणि मी हिशेबनीस झाल्यावर एकदा विचारलंही होतं की पसाभर म्हणजे वर्षाला किती किलो. त्यांनी माझ्याकडे बघून यंत्र चालू केलं.

फोनचीही तेव्हा तीच तऱ्हा. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या गुरुजींकडे होता. लग्नपत्रिकेवर, बाबांच्या अर्जांवर त्यांचा नंबर आणि पुढे कंसात पी. पी. असायचं. गुरुजींच्या फोनशेजारी पत्र्याचा डबा होता, झाकणाला फट पाडलेला. केला फोन की टाकायचे पैसे. आलेल्या फोनचे काही नाही. पण आमचा फोन आला की गुरुजींचा मुलगा आरोळी ठोकत यायचा, बाबा गिरणी थांबवून जायचे, आणि गुरुजींच्या दळणाचे पैसे आमच्याकडे कधीच घेतले गेले नाहीत. डब्यात दिसतं ते जाणाऱ्या फोनचं. येणाऱ्या फोनचा हिशेब दळणात व्हायचा, आणि तो कधी जुळवून पाहिलेला मला आठवत नाही.

असो. वरच्या सात जीबींसाठी आम्ही अखेर तारीख सोडून दिली आणि हिस्सा धरला. नव्वद जीबी, चार नंबर, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला साडेबावीस. त्याच्या आत असलेल्यानं महिनाअखेर वापरलं काय नि सुरुवातीला वापरलं काय, त्याचा दोष नाही. माझे 21 झाले होते, थोडक्यात वाचले. साडेबावीसच्या बाहेर गेलेली एकटी भाची. तिला हे पटलं, उलट तिनंच कारणही शोधून काढलं. फ्लॅटचं वायफाय जूनमध्ये दहा-बारा दिवस बंद होतं आणि ती लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर चालवत होती. माणूस एवढं वापरत नाही, लॅपटॉप वापरतो. त्याला वाटतं आपण घरच्या वायफायवर आहोत, आणि तो रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतो, फोटोंची सगळी थप्पी वर चढवतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला मीटर्ड अशी खूण केली की तो जरा हात आखडतो. तिनं ती केली. पुढच्या महिन्यात ती पस्तीसवर आली, आणि नव्वद कुणी ओलांडले नाहीत.

नवा तक्ता असा झाला. मूळचे 1060.82 चार नंबरांत सारखे, म्हणजे 265 रुपये आणि काही पैसे. वरचे 82.60 भाचीचे. भाची 348, बाकी तीन नंबर 265 प्रत्येकी, आणि वरचे 42 पैसे माझे, हिशेबनिसाची हमाली. भाचीचे 348 त्या दोनशे साठ आणि पावणेचारशेच्या मधे अगदी नीट बसले. मी आतापर्यंत 160 देत होते, आता 265 देणार. ते जाहीरपणे लिहायला मला पहिल्या तक्त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

उरला गिरणीचा नंबर, 265 रुपये. भावानं परत विचारलं, शून्य जीबीचे दोनशे पासष्ट? त्याच्यासाठी मी दुसरा आकडाही काढून ठेवला होता. तो नंबर काढून टाकला तर बिल फक्त 177 रुपयांनी उतरेल. उरलेले अठ्ठ्याऐंशी आमच्या तिघांच्या अंगावर येतील. तरी वर्षाचे एकवीसशे वाचतात, हेही खरं. आणि एकदा नंबर सोडला की तीन महिन्यांनंतर तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. बँकेत, लाइट बिलावर, गॅसवर तो आधी बदलून घ्यावा लागेल. या कामांची यादी करून मी शनिवारी साताऱ्याला गेले.

आईनं यादी वाचली, चष्मा काढला, घडी घालून करंड्याखाली ठेवली. मग कपाटातून पाकीट आणलं. त्यात पाचशेची एक आणि वर तीस रुपये, दहाच्या तीन नोटा, मोजून. दोन नंबरांचे. "एक माझा आणि एक गिरणीचा. आणि ते तेवीस रुपये परत मांडू नकोस." मी म्हटलं, गिरणीचा नंबर कुणी वापरतच नाही आई, बघ, सगळीकडे शून्य. मी तिला अ‍ॅप उघडून दाखवलं. डेटा शून्य, केलेले कॉल शून्य, मेसेज शून्य. गिरणी बंद झाल्यापासूनचं कुठलंही बिल उघडा, त्या पानावर नंबर आणि खाली कोरी जागा.

ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिनं कुकर लावला. पहिली शिट्टी व्हायच्या आत फडताळात फोन वाजला. जुनी, खणखणीत, बटणांच्या फोनची रिंग. आईनं पदराला हात पुसले, करंडा सरकवला आणि फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, मलाही अर्धं ऐकू येत होतं. कुठल्यातरी लग्नघरचा होता. भाजणी दळायची होती, दहा किलो, मागे आमच्याकडेच दळली होती म्हणाला, तशी बारीक दुसरीकडे होत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. लग्न कुणाचं, मुलगी कुठली, तारीख कधीची, तेही विचारलं. मग म्हणाली, "आज बंद आहे."

आलेला फोन. बिलात तो कुठेच लागत नाही.

तिनं फोन परत करंड्याशेजारी ठेवला आणि पाकीट माझ्या हातात दिलं.